बचतीचा दावा आणि त्याची सिद्धता

पंख्यांच्या जाहिरातीत पुष्कळदा असे वाक्य आढळते : ‘वीजबिलात साठ टक्के बचत’. जुना पंखा ७५ वॅट वीज घेतो, नवा ३० वॅट घेतो, म्हणजे ४५ वॅटची बचत झाली. आणि ४५ हे ७५ चे साठ टक्के होत. हिशेब चुकीचा नाही. पण ही बचत एका पंख्याच्या पूर्ण वेगावरील विजेतली आहे, बिलातली नव्हे. चिकित्सक ग्राहक प्रथम हेच विचारील की, साठ टक्के कशाचे?

शंभर पंखे असलेले एक वसतिगृह कल्पनेने घेऊ. त्याचा वार्षिक वीजवापर ४०,००० युनिट आहे. विक्रेत्याच्या समजुतीप्रमाणे प्रत्येक पंखा वर्षात २,००० तास पूर्ण वेगाने फिरतो. त्या हिशेबाने वर्षाला ९,००० युनिट वाचतील. म्हणजे विक्रेत्याचे सर्व आकडे मान्य केले तरी बचत एकंदर वापराच्या साडेबावीस टक्केच भरते. बाकीची वीज दिवे, पाण्याचा पंप आणि स्वयंपाकघर यांत खर्च होते.

आता मोजमापाकडे वळू. जुने पंखे काढण्यापूर्वीच त्यांची मोजणी झाली पाहिजे. ते एकदा भंगारात गेले की तुलनेचा आधारच नाहीसा होतो. ही चूक फार सार्वत्रिक आहे. चिठ्ठ्या टाकून दहा पंखे निवडले आणि वॉटमीटर लावला, तेव्हा जुने पंखे पूर्ण वेगावर सरासरी ७० वॅट व मध्यम वेगावर ४० वॅट घेतात असे दिसले. त्याच जागी बसविलेले नवे पंखे अनुक्रमे ३२ व १४ वॅट घेतात. मध्यम वेगावरची बचत २६ वॅट आहे, ४५ नव्हे. काही खोल्यांत वर्षभर ठेवलेल्या तासमापकांवरून पंखे ८०० तास पूर्ण वेगाने आणि ८०० तास मध्यम वेगाने चालतात असे आढळले. म्हणून एका पंख्यामागे बचत ५१.२ युनिट झाली. शिवाय शंभरांपैकी आठ जुने पंखे मुळातच बंद होते. त्यांच्या जागी आलेल्या पंख्यांनी मुलांना वारा दिला, वीज वाचविली नाही. उरलेल्या ९२ पंख्यांची बचत सुमारे ४,७१० युनिट येते. नमुना लहान असल्याने या आकड्यात दहा टक्के इकडेतिकडे होऊ शकते असे धरले, तर ‘वर्षाला किमान ४,२०० युनिट’ एवढेच विधान निर्धास्तपणे करता येईल. हे एकंदर वापराच्या साडेदहा टक्के होते.

वारा तेवढाच मिळतो काय, हेही पाहिले पाहिजे. कमी वारा देऊन कमी वीज घेणे यात कौशल्य कसले? पंखा दर मिनिटाला किती घनमीटर हवा ढकलतो हे भारतीय मानक ३७४ प्रमाणे तपासले जाते. दोन्ही पंख्यांचा हा आकडा शेजारी शेजारी दिला पाहिजे.

समजा, पुढील वर्षाचे बिल ३३,००० युनिटांचे आले. विक्रेत्याला ७,००० युनिटांची बचत जाहीर करण्याचा मोह होईल. परंतु त्या वर्षी वीस मुले कमी असतील किंवा उन्हाळा सौम्य गेला असेल, तर ती घट पंख्यांच्या खात्यावर जमा करता येणार नाही. जुन्या बिलांवरून मुलांची संख्या व तापमान यांचा वापराशी असलेला संबंध काढावा लागतो, आणि ‘पंखे बदलले नसते तर यंदा किती वापर झाला असता’ या अंदाजाशी नव्या बिलाची तुलना करावी लागते. उलटही घडते : वसतिगृहात नवा गिझर बसला तर बिल वाढते, तरी पंख्यांची बचत खोटी ठरत नाही. रुपयांतील बचत सांगताना वाचलेल्या युनिटाचाच दर लावावा. स्थिर आकार पंखे बदलल्याने आपोआप कमी होत नाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. पुन्हा तेच घडल्यास पन्नास लाखांपर्यंत. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे खुलासा हा दाव्याच्याच भाषेत व त्याच टंकात असावा लागतो, आणि त्याने दाव्याला छेद देता कामा नये. त्यामुळे ‘साठ टक्के’ मोठ्या अक्षरांत छापून ‘प्रत्यक्ष बचत वेगळी असू शकते’ हे तळाशी बारीक अक्षरांत घालणे ही पळवाट चालत नाही. ‘साठ टक्क्यांपर्यंत’ यातील ‘पर्यंत’ हा शब्दही फारसा तारत नाही, कारण वसतिगृहासारख्या ग्राहकाला बिलात तेवढी बचत कधीच मिळणार नसते.

या विक्रेत्याने पत्रकात लिहावयाचे ते असे : ‘एका वसतिगृहात ९२ चालू पंखे बदलल्यावर वर्षाला किमान ४,२०० युनिट वीज वाचली. दहा पंख्यांवर वॉटमीटरने मोजणी केली. सरासरी वापर १,६०० तास, निम्मे मध्यम वेगावर. आपल्याकडे तास कमी असल्यास बचतही कमी होईल.’ मोजणीची तारखांसह नोंदवही, निवडलेल्या पंख्यांची यादी आणि तासमापकांचे आकडे विक्रेत्याने आपल्या दप्तरी ठेवावेत. प्राधिकरणाने विचारणा केल्यास प्रथम तेच दाखवावे लागतात.