पाच मीटरचा फवारा आणि शेतातले पिवळे पट्टे

ऑगस्टच्या झडीनंतर लातूरकडच्या चुनखडीच्या काळ्या रानात सोयाबीन पिवळं पडतं. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, की लोहाची कमतरता ओळखायची. तात्यांच्या एकरभर तुकड्यात असंच झालं होतं, म्हणून आमच्या गटाच्या ड्रोनने चिलेटेड लोह फवारलं. आठवड्याने तात्यांचा फोन आला, "अरे, रान बघायला ये. झेब्रा झालाय नुसता."

बांधावरून पाहिलं तर खरंच हिरवे-पिवळे पट्टे आखल्यासारखे उठले होते. पाऊस उघडून वाफसा आला की अशी पिवळी रोपं आपोआपही सुधारतात, पण ती अशी रेघा ओढून सुधारत नाहीत. पेरणीची तासं उत्तर-दक्षिण होती आणि पट्टे पूर्व-पश्चिम, म्हणजे तासांना आडवे. त्यामुळे पेरणीयंत्राचा किंवा खताचा दोष नव्हता. ड्रोन पूर्व-पश्चिमच उडाला होता.

मग टेप लावला. दोन पिवळ्या पट्ट्यांमधलं अंतर पाच मीटर निघालं. ॲपमध्ये दोन फेऱ्यांमधलं अंतरही पाच मीटरच भरलेलं होतं. यंत्र शिकवायला आलेल्या माणसाने ते भरून दिलं होतं आणि आम्ही सगळे तेच चालवत होतो. आणखी एक गोष्ट दिसली. एक पट्टा फिकट आणि अरुंद, त्याच्या पुढचा गडद आणि रुंद, पुन्हा फिकट. गडद पट्टे दहा मीटरवर येत होते.

पट्ट्यांचं अंतर मोजलं की निम्मं निदान शेतातच होतं. पट्टे फेऱ्यांच्या अंतरावर उठले असतील तर भरलेली रुंदी खऱ्या रुंदीपेक्षा जास्त आहे. गडद पट्टे त्याच्या दुपटीवर येत असतील तर ड्रोनची एक बाजू कमी फवारते. आमचा ड्रोन प्रत्येक फेरीला तोंड वळवून परततो. त्यामुळे एका सांध्यावर दोन्ही फेऱ्यांच्या चांगल्या बाजू समोरासमोर येतात आणि पुढच्या सांध्यावर दोन्ही दुबळ्या. जो ड्रोन तोंड न वळवता मागे मागे येतो, त्याच्या प्रत्येक सांध्यावर एक चांगली आणि एक दुबळी बाजू पडते. तिथे सगळे पट्टे सारखे दिसतात आणि दुबळं नोझल त्यांच्याखाली लपून राहतं. तात्यांच्या रानात दोन्ही दोष एकावर एक चढले होते.

पहिलं काम नोझलचं. ड्रोन दोन स्टुलांवर ठेवला, पाती काढली, टाकीत स्वच्छ पाणी भरलं. आधी पंप मिनिटभर नुसता चालवायचा, म्हणजे नळ्यांतली हवा निघून जाते. हवा राहिली तर पहिलं माप हमखास खोटं येतं. मग चारही नोझलखाली रुंद तोंडाच्या बरण्या धरून मोबाइलच्या घड्याळावर एक मिनिट पंप चालू ठेवायचा. मापाला बादली नको. मोजपात्र नसेल तर किराणा दुकानातला डिजिटल काटा चालतो, कारण एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम. बरणीचं वजन तेवढं वजा करायचं. असं तीनदा करून सरासरी काढायची.

आमची नोझलं हिरव्या रंगाची. या रंगांना आंतरराष्ट्रीय मानक आहे. हिरवं नोझल तीन बार दाबाला मिनिटाला सुमारे ५९० मिलिलिटर सोडतं. ड्रोनच्या पंपाचा दाब नेमका किती ते आपल्याला दिसत नाही, म्हणून रंगावर न जाता मोजायचंच. आमच्या तीन नोझलांनी साधारण ६०० मिलिलिटर दिलं आणि मागच्या डाव्याने ४७०. सरासरीपासून दहा टक्क्यांच्या बाहेर गेलेलं नोझल जागेवर ठेवायचं नाही, असा नियम धरला तर हे फारच बाहेर होतं.

इथे घाई करून नवं नोझल बसवू नका. ते टोक उजव्या बाजूला लावा, उजवीकडचं डावीकडे, आणि पुन्हा मोजा. कमीपणा टोकासोबत उजवीकडे गेला तर टोकच चोंदलंय. डावीकडेच राहिला तर दोष नळीत, वॉल्व्हमध्ये किंवा पंपात. आमचा कमीपणा टोकासोबत गेला. जाळी उघडली तेव्हा आत न विरघळलेल्या भुकटीचा लगदा बसला होता. जाळी आणि टोक जुन्या टूथब्रशने पाण्यात साफ करायचं. टाचणी किंवा तार घातली की भोक मोठं होतं, आणि तोंडाने फुंकणं तर विषाशी खेळणं आहे. साफ केल्यावर ते ५९० वर आलं. उलट एखादं नोझल इतरांपेक्षा दहा टक्के जास्त सोडत असेल तर ते झिजलंय. ते साफ करून सुधारत नाही, फेकून द्यायचं.

आता हिशेब. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. वेग सेकंदाला किती मीटर आणि रुंदी किती मीटर, यांचा गुणाकार म्हणजे सेकंदाला भिजणारं क्षेत्र. त्यावरून आलेलं सूत्र मी टाकीच्या झाकणावर चिकटवून ठेवलंय:

```
लिटर प्रति एकर = (लिटर प्रति मिनिट × 67.4) ÷ (रुंदी × वेग)
```

त्या दिवशी चार नोझलांचं मिळून मिनिटाला २.२७ लिटर येत होतं, रुंदी ५ मीटर, वेग सेकंदाला ४ मीटर. उत्तर येतं ७.६५ लिटर. आम्ही एकराला दहा लिटर द्रावण केलं होतं, म्हणजे सव्वादोन लिटरच्या वर टाकीत उरायलाच हवं होतं, आणि तेवढं उरलंही होतं. "उरलंय तर बांधाकडून मारून टाक," असं कुणीतरी म्हणालं आणि ते मारलं गेलं. टाकीत उरलेलं द्रावण हा त्या दिवशीचा सगळ्यात स्वस्त इशारा होता. एकराचं द्रावण एकरात संपलं नाही तर मात्राही तेवढीच कमी पडली. ड्रोनमध्ये पाणी थोडं असतं, औषध मात्र एकराचंच असतं. हातपंपाचं प्रतिलिटर प्रमाण इथे चालत नाही.

पण नुसती वजाबाकी जुळवून पट्टे जात नाहीत. वेग कमी करून एकराला बरोबर दहा लिटर पाडता येतात आणि तरी मधला भाग कोरडा राहू शकतो. खरी रुंदी मोजावीच लागते.

ती अशी मोजली. मोकळ्या पडीक रानात, फेरीला आडवी, बारा मीटरची दोरी ताणली. तिच्यावर दर अर्ध्या मीटरला लाकडी ठोकळा आणि ठोकळ्यावर चिमट्याने पाण्याला संवेदनशील कागद. हा कागद पिवळा असतो, थेंब पडला की तिथे निळा ठिपका उमटतो. बोटांचा घाम लागला तरी तो निळा होतो, आणि दमट हवेत तर आपोआपच. त्यामुळे पावसाळ्यात पहाटेच्या दवात ही चाचणी करू नये. कागद मिळाला नाही तर पांढरा कागदी रोल सलग पसरून पाण्यात खायचा लाल रंग टाकला तरी काम भागतं. वारा अगदी मंद हवा, आणि ड्रोन वाऱ्याच्या तोंडावर उडवायचा, म्हणजे फवारा बाजूला ढकलला जात नाही. उंची आणि वेग पुढच्या कामात वापरायचे तेच ठेवायचे. आम्ही वेग सेकंदाला साडेचार मीटर धरला आणि उंची ठोकळ्यांपासून अडीच मीटर, कारण पिकाच्या शेंड्यापासून आम्ही तेवढ्यावरच उडतो. फवारणी दोरीच्या पंचवीस-तीस मीटर आधी सुरू करून दोरी ओलांडल्यावर बंद करायची.

डोळ्याला ओला पट्टा सात-आठ मीटरचा दिसतो. पाच मीटरचा दावा तिथूनच येत असणार. कागद वेगळं सांगतात. मधल्या कागदावर एका चौरस सेंटिमीटरमध्ये ४० थेंब होते. मध्यापासून दीड मीटरवर २७, दोन मीटरवर १४, अडीच मीटरवर ६. हे तीन फेऱ्यांच्या सरासरीचे आकडे आहेत. एका फेरीवर विसंबू नये, पात्यांच्या वाऱ्याने प्रत्येक वेळी आकडे थोडे हलतात. मधल्याच्या निम्मे, म्हणजे २० थेंब, दीड आणि दोन मीटरच्या दरम्यान, पावणेदोनच्या आसपास येतात. दोन्ही बाजू धरून कामाची रुंदी झाली साडेतीन मीटर.

निम्म्यावरच का थांबायचं, ते बेरीज केली की कळतं. साडेतीन मीटरच्या फेऱ्यांत सांध्यावर दोन्ही बाजूंचे वीस-वीस मिळून चाळीस थेंब पडतात, मध्याइतकेच. पाच मीटर ठेवलं तर सांधा दोन्हीकडून अडीच मीटरवर येतो आणि तिथे सहा अधिक सहा, बाराच थेंब. कीटकनाशकाला साधारण २० ते ३० थेंब लागतात, आणि पानावरच राहून काम करणाऱ्या बुरशीनाशकाला ५० ते ७०. म्हणजे अळीचं औषध असतं तर त्या पट्ट्यांत अळ्या जिवंत राहिल्या असत्या, आणि पिवळेपणासारखं ते बांधावरून दिसलंही नसतं.

साडेतीन मीटर, साडेचारचा वेग आणि मिनिटाला २.३९ लिटर घातलं की सूत्रात एकराला १०.२ लिटर येतात. तिथेच आम्ही थांबलो. पुढे तात्यांच्याच दुसऱ्या तुकड्यात लोह मारलं, तिथे पट्टे आले नाहीत.

ही रुंदी फक्त त्या उंचीची, त्या वेगाची आणि त्या नोझलची असते. यातलं एक बदललं की कागद पुन्हा मांडायचे. उंची बांधावरच्या जमिनीपासून धरलेली असेल आणि रान उताराचं असेल, तर खालच्या टोकाला ड्रोन पिकापासून जास्त उंच राहतो आणि थेंब वाऱ्यावर जातात. आडवा वारा एकसारखा असेल तर सगळ्या फेऱ्या सारख्याच सरकतात. मधे पट्टे पडत नाहीत, पण वाऱ्याकडचा बांधालगतचा भाग कोरडा राहतो आणि दुसऱ्या बाजूचं औषध शेजाऱ्याच्या रानात जातं. ॲपमधला लिटरचा आकडाही टाकी ओतून एकदा ताडून घ्या. पाच लिटर मोजून भरा, सगळं बाहेर काढा आणि ॲप किती दाखवतं ते पाहा. फरक असेल तर फ्लोमीटरच्या सेटिंगमध्ये खरा आकडा भरा.

पाच मीटर रुंदी आणि चारच्या वेगाने एकराला सव्वातीन-साडेतीन मिनिटं लागतात, साडेतीन मीटर आणि साडेचारच्या वेगाने सव्वाचार, वळणं वेगळी. ड्रोनवाल्याला पैसे एकरावर मिळतात, त्यामुळे त्याला रुंद फेरी परवडते. भाड्याने ड्रोन बोलावणार असाल तर भाव ठरवतानाच ॲपमध्ये भरलेली रुंदी बघून घ्या, आणि चार बरण्या घरून घेऊन जा.