सभागृहातलं व्याख्यान ऑनलाइन श्रोत्यांपर्यंत: काय बदलायचं, किती खर्च येतो

एखाद्या वाचनालयाने मोडी लिपीवर तासाभराचं व्याख्यान ठरवलं आहे, असं धरू. सभागृहात साठ श्रोते आहेत आणि लंडन, न्यू जर्सी, बंगळुरूहून आणखी चाळीसजण ऑनलाइन येणार आहेत. समितीच्या बैठकीत पहिला प्रश्न हमखास कॅमेऱ्याचा निघतो. खरं तर पैसे आधी आवाजावर आणि एका माणसावर खर्च करावेत. अंधुक चित्र श्रोता चालवून घेतो, पण शब्द कळेनासे झाले की दहा मिनिटांत निघून जातो. आणि व्याख्यानाची मांडणी नीट बदलली, तर बरंचसं सामान घ्यावंच लागत नाही.

फळ्याऐवजी कागद

मोडी शिकवणारे वक्ते फळ्यावर लिहून दाखवतात. आधी आडवी रेघ ओढायची आणि मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरं काढत जायची. सभागृहात हे छान दिसतं, पण घरी मोबाइलवर पाहणाऱ्याला फक्त वक्त्यांची पाठ आणि फळ्यावरची चमक दिसते. म्हणून फळा बाजूला ठेवा. टेबलावर पांढरा कागद आणि जाड टोकाचं पेन ठेवा आणि वरून खाली पाहणारा मोबाइल स्टँडला लावा. हा मोबाइल झूमच्या मीटिंगमध्ये दुसरा सदस्य म्हणून घ्या. त्याचा आवाज जोडू नका आणि मागचा कॅमेरा वापरा. वक्ते लिहायला लागले की सहायकाने `Spotlight for Everyone` निवडायचं आणि तेच चित्र प्रोजेक्टरवरही दाखवायचं. मग शेवटच्या रांगेतल्या आजोबांना आणि लंडनच्या मुलीला वळण सारखंच दिसेल. असा स्टँड हजार रुपयांच्या आसपास मिळतो.

लेझर पॉइंटरचा ठिपका ऑनलाइन पोचत नाही. स्लाइडवर माउसचा बाण फिरवा आणि ‘हे बघा, इथे’ म्हणण्याऐवजी ‘दुसऱ्या ओळीतलं तिसरं अक्षर’ असं बोला. वक्त्यांना ही सवय आधी करून घ्यावी लागते.

तासाची नवी आखणी

पंचेचाळीस मिनिटं भाषण आणि शेवटी पंधरा मिनिटं प्रश्न, ही नेहमीची आखणी इथे चालत नाही. सभागृहातले हात आधी वर होतात आणि वेळ संपेपर्यंत ऑनलाइन श्रोत्यांची पाळी येतच नाही. त्यापेक्षा असं करा: पहिली 5 मिनिटं ओळख आणि सूचना. पुढची 15 मिनिटं मोडीचं वळण, मग 5 मिनिटं प्रश्न. नंतर 15 मिनिटं अक्षरओळख. पुढची 10 मिनिटं जुन्या पत्राची एक ओळ सगळ्यांनी मिळून वाचायची, एक शब्द सभागृहातून आणि पुढचा ऑनलाइन. शेवटची 10 मिनिटं पुन्हा प्रश्नांना, तेही आळीपाळीने. म्हणजे भाषण तीस मिनिटांत बसवायचं. त्यासाठी इतिहासाचा भाग टिपणात लिहून आधीच पाठवा.

झूमचा फुकट प्लॅन चाळीस मिनिटांनी मीटिंग बंद करतो, म्हणजे नेमकी वाचनाच्या तोंडावर. महिन्याभराचा सशुल्क प्लॅन दीड हजारांच्या आसपास पडतो. यूट्यूबवरचं थेट प्रक्षेपण फुकट आहे, पण चित्र बरेच सेकंद मागे असतं, त्यामुळे आळीपाळीने वाचन जमत नाही. वेळ ठरवताना घड्याळंही बघा. उन्हाळ्यात भारतातले संध्याकाळचे 6:30 म्हणजे लंडनला दुपारचे 2 आणि न्यू जर्सीत सकाळचे 9.

आवाजाची वाट

सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. न्यू जर्सीच्या श्रोत्याचा आवाज सभागृहाच्या स्पीकरमधून आला पाहिजे, पण तोच फिरून त्याच्याकडे परत जाता कामा नये. वाचनालयाच्या साउंड सिस्टीमला मिक्सर असेल, तर त्यावर `AUX` नावाची बटणं असतात. वक्त्यांच्या आणि श्रोत्यांच्या माइकचं `AUX` उघडा आणि तिथून निघालेला आवाज यूएसबी साउंड इंटरफेसमधून लॅपटॉपला द्या. लॅपटॉपचा आवाज त्याच इंटरफेसमधून मिक्सरच्या वेगळ्या चॅनेलवर आणा आणि त्या चॅनेलचं `AUX` शून्यावर ठेवा. हे एवढं एक बटण चुकलं, की दूरच्या माणसाला स्वतःचंच बोलणं परत ऐकू येतं. `AUX` ला `PRE` ची सोय असेल तर ती घ्या, म्हणजे सभागृहातला आवाज कमीजास्त केला तरी ऑनलाइन आवाज हलत नाही.

इंटरफेस तीन ते साडेचार हजारांत मिळतो, तारांना पाचशे धरा. सभागृहात कुणी स्वतःच्या मोबाइलवरून मीटिंगमध्ये शिरलं असेल, तर त्याचा आवाज पूर्ण बंद हवा, नाहीतर शीळ सुरू होते.

आदल्या दिवशी तालीम घ्या. परगावच्या एकाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये बसवा आणि तीन गोष्टी विचारा. तुझा आवाज तुलाच परत येतो का? आला तर ते शून्यावरचं बटण तपासा. मागच्या रांगेतला प्रश्न ऐकू आला का? नसेल तर फिरता माइक हवा, किंवा वक्त्यांनी प्रत्येक प्रश्न स्वतः म्हणून दाखवायला हवा. सतत घूं असा आवाज येतो का? मग लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. आवाज थांबला तर दोष विजेच्या जोडणीत आहे आणि तासभर बॅटरीवर चालवणं हा सोपा उपाय.

एक माणूस

चॅट वाचणारा, चित्र बदलणारा आणि ‘आता ऑनलाइन प्रश्न’ असं मोठ्याने सांगणारा सहायक वेगळाच हवा. हे काम वक्त्यांवर किंवा अध्यक्षांवर टाकू नका. कॉलेजातला चुणचुणीत मुलगा किंवा मुलगी पुरते, पण त्यांना दीड हजार मानधन द्या आणि तालमीलाही बोलवा.

हिशेब

भाव अंदाजे आहेत आणि गावागणिक बदलतात. मिक्सर, प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि वरून लावायचा मोबाइल हाताशी आहे, असं धरलं आहे.

- झूमचा एक महिना: 1,500 रुपये
- साउंड इंटरफेस: 4,000
- तारा: 500
- मोबाइल स्टँड: 1,000
- वाय-फाय गेलं तर मोबाइल डेटा: 300
- सहायकाचं मानधन: 1,500

एकूण 8,800 रुपये. यातले 5,500 एकदाच लागतात, पुढच्या व्याख्यानाला 3,300 पुरतात. बाहेरच्या व्हिडिओवाल्याला बोलवायचं असेल, तर दर विचारण्याआधी हे विचारा: ऑनलाइन माणसाचा आवाज सभागृहात आणणार का, तालमीला येणार का, ऑपरेटर पूर्ण वेळ थांबणार का. फक्त दोन कॅमेऱ्यांचं प्रक्षेपण मिळणार असेल, तर आपल्याला हवं ते त्यात नाही.

पैसे कमी असतील, तर ऑनलाइन श्रोत्यांनी फक्त चॅटमध्ये लिहावं आणि सहायकाने ते मोठ्याने वाचावं, असं ठरवा. दूरचा आवाज सभागृहात आणायचाच नसल्याने इंटरफेस आणि तारा वगळता येतात. वक्त्यांना सभागृहाच्या माइकसोबतच हजारभर रुपयांचा तारेचा कॉलर माइक लावा, तो थेट लॅपटॉपला जोडा आणि लॅपटॉपचा स्पीकर बंद ठेवा. खर्च 5,300 वर येतो. यात दूरच्या माणसाच्या तोंडून मोडीचा शब्द ऐकायला मिळत नाही. इतर विषयांत हे चालेल, वाचनाच्या वर्गाला मात्र इंटरफेसचे पैसे काढून ठेवावेत.