व्हॉट्सॲप दुसऱ्याच्या हाती गेले. तक्रार कुठे करू?

प्रश्न : ओळखीच्या नंबरवरून आलेल्या मेसेजला भुलून मी सहा अंकी कोड दिला आणि व्हॉट्सॲप बंद पडले. माझ्या नावाने पैसे मागितल्यावर मावसभावाने १५ हजार पाठवले. तक्रारीसाठी यवतमाळलाच जावे लागेल का? फोन रीसेट करू का?
– एक वाचक, दारव्हा

उत्तर : ताई, फोन रीसेट करू नका, त्यातला मजकूर हाच पुरावा आहे. व्हॉट्सॲपमध्ये आपला नंबर टाकून नवा कोड मागवा. तो टाकताच समोरचा बाहेर पडतो.

पैसे मावसभावाच्या खात्यातून गेले, म्हणून १९३० वर त्यांनीच लगेच फोन करावा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत सरकते आणि गोठवणे अवघड होते. व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक, वेळ आणि ज्या यूपीआय आयडीवर पैसे गेले तो हाताशी ठेवावा.

खाते बळकावल्याची तक्रार तुमची. ती cybercrime.gov.in वर किंवा दारव्हा ठाण्यातही देता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवता येते. आधार, कोडचा मूळ एसएमएस आणि नातेवाइकांना गेलेल्या मेसेजचे स्क्रीनशॉट न्या. स्क्रीनशॉटमध्ये नुसते सेव्ह केलेले नाव नको, पूर्ण नंबर, तारीख आणि वेळ दिसू द्या. इथेच बहुतेकांचे चुकते. प्रिंटसोबत फोनही न्या. पोचक्रमांक जपून ठेवा. ‘पैसे परत मिळवून देतो, फी भरा’ म्हणणारा फोन आला तर तो भामट्याचाच समजा.