मुलांचा हिस्सा विकण्याआधी कोर्टाची परवानगी

उल्हासनगर कॅम्प २ मधला आमचा फ्लॅट नवऱ्याने स्वतःच्या कमाईतून घेतलेला, त्यांच्या एकट्याच्या नावावर होता. ते मृत्युपत्र न करता गेले, तेव्हा मुलगा 14 वर्षांचा आणि मुलगी 9 वर्षांची होती. नवऱ्यामागे घर बायकोचं होतं, असं आपल्याकडे सर्रास धरून चालतात. हिंदू वारसा कायद्याने मात्र त्या घराचे चार सारखे वाटेकरी झाले: सासूबाई, मी, मुलगा आणि मुलगी. म्हणजे निम्मं घर अज्ञान मुलांचं.

विकायची वेळ का आली, ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. मे 2021 मध्ये कॅम्प २ मधल्याच साईशक्ती इमारतीचे स्लॅब कोसळून 7 माणसं गेली. त्यानंतर जुन्या इमारतींच्या तपासणीचा तगादा लागला. आमच्या इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये कॉलम आणि स्लॅबची मोठी दुरुस्ती निघाली, आणि प्रत्येक फ्लॅटमागे साडेतीन लाखांची वर्गणी ठरली. तळमजल्यावरचा दुकानदार आमचा फ्लॅट 28 लाखांना घ्यायला तयार होता. बदलापूरला नवीन इमारतीत 30 लाखांचा फ्लॅट मी पाहून ठेवला होता.

एजंट म्हणाला, “वहिनी, तुम्ही सख्खी आई. मुलांच्या वतीने अ.पा.क. म्हणून सही करा. पुढे मुलांनी काही काढलं तर जबाबदारी माझी, असं हमीपत्र द्या. कोर्टाची गरज नाही.” अशा हमीपत्रावर आपल्याकडे बरेच व्यवहार होतात, म्हणून ते काय करतं आणि काय करत नाही, हे नीट समजून घ्या.

हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा, 1956 च्या कलम 8 प्रमाणे आई किंवा वडील हे नैसर्गिक पालक असले, तरी मुलाची स्थावर मिळकत विकायला, गहाण टाकायला, बक्षीस द्यायला कोर्टाची आधी परवानगी लागते. पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यालाही लागते. परवानगीविना केलेली विक्री मूल सज्ञान झाल्यावर रद्द करून घेऊ शकतं, आणि त्यासाठी त्याला 18 वर्षं पूर्ण झाल्यापासून तीन वर्षं मिळतात. हमीपत्राने आई बांधली जाते, मूल नाही. म्हणजे आमच्या मुलीचं एकविसावं सरेपर्यंत, बारा वर्षं, त्या दुकानदाराच्या मालकीवर टांगती तलवार राहिली असती, आणि त्याचं नुकसान भरून द्यायची वेळ माझ्यावर आली असती. मुलांची बाजूही सुरक्षित नसते. ‘विश्वंभर विरुद्ध लक्ष्मीनारायण’ या 2001 च्या निकालात आईने परवानगीशिवाय केलेली विक्री होती. मुलांनी दावा लावला, पण खरेदीखत रद्द करण्याची मागणी मुदतीनंतर जोडली, आणि सर्वोच्च न्यायालयात ते हरले.

इथे एक फरक लक्षात ठेवावा. एकत्र हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतला मुलाचा अविभक्त हिस्सा कर्त्याने कुटुंबाच्या गरजेसाठी विकला, तर कलम 8 लागत नाही. पण वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात वारसाने आलेला हिस्सा मुलाचा स्वतःचा असतो, तिथे परवानगी हवीच. आपली मिळकत कोणत्या प्रकारातली, हे वकिलाला पहिल्या भेटीत विचारा. आणि काका, मामा, आजोबा कितीही जवळचे असले, मूल त्यांच्याकडेच वाढत असलं, तरी कोर्टाने नेमल्याशिवाय त्यांना अशी विक्री करताच येत नाही.

अर्ज मिळकत जिथे असेल तिथल्या कोर्टात होतो. आमचा कल्याणला झाला. कारकुनाने आणलेल्या मसुद्यात कारण होतं, ‘कौटुंबिक अडचणीमुळे पैशांची गरज आहे’. आमच्या वकीलबाईंनी ते वाक्य खोडलं. कायदा परवानगी देतो ती दोनच कारणांनी: मुलाची गरज, किंवा मुलाचा उघड फायदा. घराचं कर्ज, आईचं आजारपण, दिराचा धंदा ही मुलाची गरज ठरत नाही. शाळेची फी किंवा औषधपाणी हे कारण असेल, तर घरात येतं किती, मुलावर लागतं किती आणि तूट किती, हे फीच्या पावत्या आणि पगाराच्या कागदांनिशी मांडावं लागतं.

आमच्या अर्जात दोन्ही मांडलं. गरज अशी: इमारत राहायला धोक्याची, आणि दुरुस्तीच्या वर्गणीतला मुलांचा वाटा पावणेदोन लाख, तो भरायला मुलांकडे दुसरा पैसा नाही. सोबत ऑडिटचा अहवाल आणि वर्गणीचं पत्र. फायदा असा: विक्रीतून मुलांच्या वाट्याला 14 लाख येतात. ते बदलापूरच्या घरात घातले, तर त्या घराचा निम्मा हिस्सा, म्हणजे 15 लाखांचा, त्यांच्या नावावर होईल. वरचा एक लाख, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च मी माझ्या हिश्श्यातून करीन, असं प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं. जुन्या घरात निम्मे, नव्या घरातही निम्मे: हा हिशेब कागदावर उभा राहिला तेव्हा अर्जाला वजन आलं.

भाव योग्य आहे हेही दाखवावं लागतं. सरकारमान्य मूल्यांककाचा अहवाल आणि त्या वर्षीचा रेडी रेकनरचा दर जोडला. कोर्ट जवळच्या नातेवाइकांना नोटीस काढू शकतं आणि हरकत घेणाऱ्याचं म्हणणं ऐकतं. म्हणून सासूबाईंचं आणि दिरांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र आधीच दिलं. खरेदीदाराशी केलेल्या साठेखतात स्पष्ट अट घातली की कोर्टाची परवानगी मिळाली तरच व्यवहार, नाही मिळाली तर इसार परत. इसार थोडाच घ्यावा आणि तो खर्च करू नये. एकाच वेळी जुन्या घराचा इसार घेऊन नव्या घराला देऊन बसलं, की परवानगी लांबल्यावर दोन्हीकडून कोंडी होते.

कोर्टाने मला सगळ्यात जास्त विचारलं ते पैशांविषयी. मुलांचे 14 लाख कुठे जाणार, कोणाच्या खात्यातून? परवानगीचा हुकूम अटींसह आला: 28 लाखांपेक्षा कमी भावात विकू नये, मुलांचे 14 लाख खरेदीदाराने थेट कोर्टात भरावेत, बदलापूरच्या साठेखतात मुलांची नावं आल्यावर ती रक्कम तिथल्या विक्रेत्याला कोर्टातूनच दिली जाईल, नोंदणीची प्रत दाखल करावी. घर घ्यायचं नसेल, तर मुलांचा पैसा सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदतठेवीत ठेवायची अट कोर्ट घालू शकतं. लिलावाने विका, असंही सांगू शकतं. म्हणून विक्रीचा पैसा लगेच हातात खेळवता येईल, या हिशेबाने अर्ज करू नका.

मुलांच्या हिश्श्याचा व्यवहार करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: परवानगी आधी, सही नंतर. खरेदीखतात हुकुमाचा क्रमांक आणि तारीख घाला. हुकुमाची नक्कल, मूल्यांकनाचा अहवाल आणि पैसे भरल्याच्या पावत्या धाकट्या मुलाचं एकविसावं वर्ष पूर्ण होईपर्यंत जपून ठेवा. मुलांनी उद्या हिशेब मागितला, तर हेच कागद दाखवायचे आहेत.