लॉगिनच्या पानावर कुलूप की सबुरी?

आपल्या अनेक व्यापारी व कारागीर बंधूंनी आता मालाच्या ऑर्डरी घेण्यासाठी स्वतःची छोटी वेबसाइट केली आहे. ती तयार करून देणारा बहुधा सांगतो, "पाच वेळा पासवर्ड चुकला की खाते बंद होईल, काळजी नको." आमचे म्हणणे असे की, काळजी नेमकी तेथूनच सुरू होते.

समजा, मालेगावातील एका साडी कारखानदाराच्या साइटवर 60 दुकानदारांची खाती आहेत. खात्याचे नाव म्हणजे दुकानदाराचा मोबाइल नंबर आणि पासवर्ड म्हणजे सहा आकडे. सहा आकड्यांचे एकूण 10 लाख प्रकार होतात. चुकांवर काहीच बंधन नसेल, तर दर सेकंदाला 10 प्रयत्न करणारा प्रोग्राम 28 तासांच्या आत ते सारे संपवतो. म्हणजे बंधन हवेच.

पण ते कुलूपाचे असले तर काय होते पाहा. मोबाइल नंबर तर बिलावर छापलेला असतो. रमजानच्या शेवटच्या अशऱ्यात, ऑर्डरींच्या ऐन गर्दीत, एखाद्या खोडसाळ माणसाने तो नंबर घालून मुद्दाम पाच वेळा चुकीचे आकडे टाकले, तर खरा दुकानदार दिवसभर दाराबाहेर राहतो. चोराला आत शिरायचेच नव्हते. त्याला फक्त धंदा अडवायचा होता, आणि तो आपल्याच कुलूपाने अडला.

म्हणून खाते बंद न करता वाट पाहायला लावावी. पहिल्या पाच चुका माफ कराव्यात. नंतरच्या प्रत्येक चुकीला 1, 2, 4, 8 मिनिटे आणि पुढे दर वेळी 15 मिनिटे थांबवावे. या मुदतीत टाकलेला पासवर्ड साइटने तपासूच नये, मग तो बरोबर का असेना. या हिशेबाने चोराला दिवसाला 96 प्रयत्न मिळतात आणि 10 लाख प्रकारांना साडेअठ्ठावीस वर्षे लागतात.

तरीही खोडसाळ माणूस दर पंधरा मिनिटांनी चूक करून खऱ्या मालकाला ताटकळत ठेवू शकतो. त्यावर उपाय ओळखीच्या मोबाइलचा. एकदा बरोबर लॉगिन झाले की साइटने त्या ब्राउझरमध्ये एक गुप्त खूण, म्हणजे कुकी, ठेवावी. ही खूण घेऊन येणाऱ्याच्या चुका वेगळ्या मोजाव्यात. बाहेरच्याने कितीही गोंधळ घातला तरी दुकानदार आपल्या नेहमीच्या मोबाइलवरून आत येतो. खूण असूनही 10 चुका झाल्या, तर ती रद्द करावी. मोबाइल चोरीला गेलेला असू शकतो.

आता दुसरी चाल. आपल्याकडे पुष्कळ जण 123456 किंवा 786786 ठेवतात. चोर हे दोनच आकडे साठही खात्यांवर टाकून पाहतो. प्रत्येक खात्यावर फक्त दोन चुका होतात, आणि पाचाची मर्यादा गप्प बसते. म्हणून इंटरनेटच्या पत्त्यानुसार, म्हणजे आयपी ॲड्रेसनुसार, दुसरी मोजणी हवी. एका पत्त्यावरून 15 मिनिटांत 30 चुका झाल्या की तो पत्ता थोडा वेळ थांबवावा. ही मर्यादा मुद्दाम सैल ठेवावी, कारण मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवतात. मध्ये एखादे लॉगिन बरोबर झाले म्हणून ही मोजणी शून्यावर आणू नये. नाहीतर चोर अधूनमधून स्वतःच्या खात्यात शिरून ती पुसत राहील. अनेक पत्ते वापरणाऱ्या चोरापुढे मात्र ही मोजणी अपुरी पडते. त्यासाठी असले सोपे आकडे पासवर्ड ठरवतानाच नाकारावेत.

साइटवाल्याकडून चुकलेल्या प्रयत्नांची नोंद मागावी. वेळ, खाते आणि पत्ता एवढेच तीत असावे. टाकलेला पासवर्ड कधीही लिहू नये, कारण एखाद्या आकड्याने चुकलेला पासवर्ड खरा पासवर्ड उघड करतो. एकाच खात्यावर चुकांची रांग दिसली, तर मालक विसरला आहे किंवा कोणीतरी त्याच्या मागे लागले आहे; फोन करून विचारावे. अनेक खात्यांवर एक-दोन चुका दिसल्या, तर ती दुसरी चाल समजावी. आणि सगळ्याच नोंदींत एकच पत्ता दिसला, तर साइट ग्राहकाचा नव्हे, मधल्या एखाद्या सेवेचा पत्ता वाचत आहे. ते दुरुस्त केल्याशिवाय पत्त्याची मर्यादा चालू करू नये. एका चोरामुळे साठही दुकानदार अडकतील.

साइट तयार करणाऱ्याचे शेवटचे पैसे चुकते करण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. दुसऱ्याच्या मोबाइलवरून आपल्या खात्यावर दहा चुका करून पाहाव्यात आणि लगेच आपल्या मोबाइलवरून लॉगिन करावे. दुसऱ्याला थांबावे लागले आणि आपण आत गेलो, तर काम नीट झाले आहे.