दुग्धज्वर : ज्वराविना येणारा

प्रश्न : तिसऱ्या वेताची संकरित गाय व्याल्याच्या दुसऱ्या दिवशी बसली, मान कुशीकडे वळलेली, कान थंडगार. गाभणकाळात भरपूर लसूणघास व खनिज मिश्रण देऊनही असे का व्हावे?

उत्तर : आपण वर्णिलेली लक्षणे दुग्धज्वराची आहेत, नावात ज्वर असला तरी अंग थंड पडते, कारण चिकाबरोबर रक्तातील कॅल्शियम एकाएकी ओसरते. हाडांतील साठा रक्तात आणणारी शरीराची यंत्रणा, आटवणीच्या काळात चाऱ्यातूनच कॅल्शियमची रेलचेल असल्यास, सुस्तावते आणि ऐन गरजेच्या वेळी तिला जागे होण्यास एक-दोन दिवस लागतात. म्हणजे आपले औदार्यच येथे बाधले. अशा गाईला तोंडाने काहीही पाजू नये, ते फुफ्फुसात जाते. पशुवैद्याकरवी कॅल्शियम बोरोग्लुकोनेट शिरेतून सावकाश द्यावे. घाई केल्यास हृदय थांबण्याची भीती असते.

पुढील वेतापूर्वी शेवटचे तीन आठवडे लसूणघास व कॅल्शियमयुक्त मिश्रण बंद ठेवून मका-ज्वारीची वैरण द्यावी, आणि व्याल्याबरोबर कॅल्शियम सुरू करावे.

व्याल्यानंतरचा दुसरा विकार, किटोसिस, याहून वेगळा; तो बहुधा पहिल्या महिना-दीड महिन्यात येतो : गाय उभी असते, वैरण चघळते, पण आंबोण नाकारते, दूध घटते, श्वासाला गोडसर वास येतो. येथे उणीव ऊर्जेची असते, आणि ती अतिलठ्ठ गाईंना अधिक जाचते. म्हणून आटवणीत गाय लठ्ठ होऊ देऊ नये, तशीच ती उपाशीही ठेवू नये, व आंबोण व्याल्यानंतर हळूहळू वाढवावे.