मंडळाला पत्र लिहिताना

जुन्या पनवेलच्या बाजारात माझं मिठाईचं दुकान आहे. गणपतीची वर्गणी आम्ही आनंदाने देतो, तिच्या बदल्यात काही मागत नाही. जाहिरात हा मात्र व्यवहार आहे. त्यासाठी पावतीपुस्तक दारात येण्याची वाट न पाहता आपणच मंडळाला पत्र द्यावं. नव्या दुकानदारांसाठी काही अनुभवाचे बोल.

१. पत्र आषाढातच द्या. श्रावण निम्मा सरला की कमानी आणि मोक्याच्या जागा वाटून झालेल्या असतात.

२. जागा बोट ठेवून मागा. 'दर्शनी भागात बॅनर' असं लिहिलं, की तो कुठेही लागतो. माझं पत्र साधारण असं असतं:

“मा. अध्यक्ष व कार्यकारिणी, सप्रेम नमस्कार. मंडपाच्या आत, दर्शनरांगेच्या उजवीकडे आमचा दहा बाय चार फुटांचा एक कापडी बॅनर स्थापनेपासून विसर्जनापर्यंत असावा. बॅनर आम्ही छापून देऊ. बांधणे व उतरवणे मंडळाकडे राहील. त्या रांगेत दुसऱ्या मिठाईवाल्याची जाहिरात नसावी. याबद्दल आम्ही २१,००० रुपये देऊ: १५,००० मंजुरी मिळताच आणि ६,००० बॅनर उतरवल्यावर.”

कमान सोडून रांग का? कमानीखालून माणूस स्कूटरवर क्षणात निघून जातो, रांगेत तो उभा असतो आणि वाचतो. शिवाय भाद्रपदातला पाऊस-वारा आत पोचत नाही. बाहेरचा बॅनर वाऱ्याने फुगतो आणि आधी कोपऱ्यातल्या कड्यांपाशी फाटतो. शेवटचा हप्ता राखून ठेवण्याचंही कारण आहे. विसर्जनानंतर कार्यकर्ते दमलेले असतात आणि बॅनर तसेच लटकत राहतात.

३. रस्त्यावर बॅनर हवाच असेल, तर महापालिकेची परवानगी कोण काढणार हे पत्रातच लिहा. मंडपाच्या परवानगीत तो आपोआप बसतो असं धरून चालू नका. पनवेलला २०१६ पासून महानगरपालिका आहे, आणि बेकायदा फलकांवर उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये कडक निकाल दिलेला आहे. मालमत्ता विद्रूपीकरणाच्या १९९५ च्या कायद्याखाली, ज्याच्या फायद्यासाठी फलक लागला त्यालाही जबाबदार धरता येतं. म्हणजे बांधणारा मंडळाचा असला तरी नाव आपलं असतं. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर जुलै २०२२ पासून बंदी आहे. म्हणून मी कापडच वापरतो.

४. पैसे मंडळाच्या खात्यावर चेकने द्या. एका दिवसात एकाच व्यक्तीला १०,००० रुपयांहून जास्त रोख दिली, तर आयकरात तो धंद्याचा खर्च म्हणून सहसा धरत नाहीत. पावतीवर 'देणगी' नव्हे, 'जाहिरात' असं लिहून घ्या.

५. कार्यकारिणी बदलते आणि तोंडी शब्द जुन्या अध्यक्षाबरोबर जातो. म्हणून पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर अध्यक्ष आणि खजिनदार या दोघांची सही व मंडळाचा शिक्का घ्या, आणि ती प्रत हातात आल्यावरच बॅनर छापायला टाका.